पन्नास ग्रॅमची भेट

पन्नास ग्रॅम ही मर्यादा मी घातली. नंतर जे काही झालं त्यात माझा वाटा किती, यावर मतभेद आहेत. मी माझी बाजू जशीच्या तशी मांडते. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. नमुना हातात आला की मोजायचं, लिहायचं, आणि आपलं मत आपल्याजवळ ठेवायचं, ही तिथली शिस्त. मैत्रिणी मला 'मिली' म्हणतात. पाहुण्यांना वाटतं ते लाडाचं नाव आहे. ते 'मिलिग्रॅम'चं लघुरूप आहे.

आम्ही पाच जणी. एका वसतिगृहात तीन वर्षं काढली, आणि तेव्हापासून वर्षातून एकदा, एका रविवारी, न चुकता भेटतो. वकील आहे. दातवाली आहे, तिचा दवाखाना आहे, आणि तुम्ही हसलात की ती आधी तुमच्या दाढा मोजते. भोंगा आहे. ती शाळेत शिकवते आणि चहा मागते तेव्हा शेजारच्या इमारतीतले लोकही उठून बसतात. चौथी मी. आणि पाचवी मुंगी. मुंगीचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे: चेन बदलणे, उंची कमी करणे, कंबर वाढवणे. (कंबर कमी करायला तिच्याकडे कुणीही येत नाही, असं तीच सांगते.)

या भेटीत एकमेकींना काहीतरी द्यायचं, हे कधी सुरू झालं कुणालाच आठवत नाही. पहिल्या वर्षी पेनं होती. मग वह्या. मग दातवालीने अत्तरं आणली, म्हणून वकिलाने दिवे आणले, म्हणून दातवालीने पुढच्या वर्षी सहा-सहा कपबशा आणल्या. कपबशा उचलून घरी न्यायला आम्हाला रिक्षा करावी लागली. त्याच वर्षी मुंगीने सहा-सहा रुमाल दिले होते, पांढरे, कडेला बारीक हातशिलाई. त्यानंतर मुंगी आली नाही. एक वर्ष ताप होता. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक होतं. तिसऱ्या वर्षी ताप असलेलं गिऱ्हाईक होतं.

मला संशय आला. कपबशांच्या शेजारी रुमाल ठेवले गेले तेव्हा कुणीतरी काहीतरी बोललं असणार. भोंगा बोलली असेल तर ते तीन गल्ल्यांत ऐकू गेलं असेल. मी स्वतः काही बोलले नव्हते, याची मला खात्री होती. मी मुळातच कमी बोलते.

म्हणून गेल्या वर्षी, आम्ही चौघी जमलो असताना, मी चौकशी केली. शांतपणे, एकेकीला बाजूला घेऊन.

"त्या दिवशी मुंगीला कोण काय बोललं?" मी वकिलाला विचारलं.

"जाऊ दे ना, मिली. जुनं झालं."

दातवाली म्हणाली, "तू कशाला विचारतेस? तू तर..." आणि तिने बिस्कीट तोंडात घातलं. ती एरवी बिस्किटाला हातही लावत नाही, दातांत अडकतं म्हणून.

भोंगा तर चक्क हळू आवाजात बोलली. "सोड गं."

तीन साक्षीदार आणि तिघीही गप्प. याचा अर्थ एकच: तिघी मिळून होत्या. मला वाईट वाटलं, पण मी ते मनात नोंदवून ठेवलं आणि उपायाकडे वळले. भेटवस्तूंचा हा तमाशा बंद केला तर मुंगी परत येईल. साफ बंद केला तर मात्र तो तिच्यासाठीच केला हे तिला कळेल, आणि मग ती कधीच येणार नाही. म्हणून भेट ठेवायची, पण तिच्यातून हवा काढायची.

"किमतीची मर्यादा घालू," भोंगा म्हणाली.

"आणि खोटं बोललं तर?" वकील म्हणाली. "दातवाली म्हणेल, सेलमध्ये मिळालं. बिलं मागणार का एकमेकींकडे?"

"मी कधी म्हटलं सेलमध्ये मिळालं?"

"कपबशा!" तिघी एकदम.

किंमत खोटी सांगता येते, वजन सांगता येत नाही. मी म्हटलं, पन्नास ग्रॅम. जास्तीत जास्त. एकीने एकीलाच द्यायचं, म्हणजे पाच जणींत पाचच वस्तू. आणि देताना एक वाक्य बोलायचं, ही वस्तू हिलाच का. एकच वाक्य. ही शेवटची अट भोंग्यासाठी होती.

आता कुणी कुणाला द्यायचं. लोक अशा वेळी चिठ्ठ्या टाकतात. हे किती बेभरवशाचं आहे ते त्यांना माहीत नसतं. पाच जणींनी पाच चिठ्ठ्या उचलल्या, तर निदान एकीला तरी स्वतःचंच नाव येण्याची शक्यता शंभरात त्रेसष्ट असते. मग पुन्हा उचला, पुन्हा हसा, आणि तोवर अर्ध्या चिठ्ठ्या सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेलेल्या असतात. मी सोपी आणि पक्की रीत काढली. पाच सारखी कार्डं घेतली. प्रत्येकावर एक आकडा, वरच्या अर्ध्यात एकदा, खालच्या अर्ध्यात तोच पुन्हा. कार्डं उलटी करून पिसली, ओळीने पालथी मांडली आणि मधोमध आडवी कापली. वरची ओळ तशीच ठेवली. खालची ओळ एका घराने डावीकडे सरकवली. पहिला तुकडा रांगेच्या शेवटी. मग वरचा आणि त्याखाली आलेला तुकडा एकेका टाचणीने जोडला. प्रत्येकीने एक जोडी उचलायची. वरचा आकडा आपला, तो सगळ्यांना सांगायचा. खालचा आकडा जिचा, तिला भेट द्यायची. तो कुणाला सांगायचा नाही. स्वतःला स्वतःचं येणं अशक्य, आणि कापणारीलाही काही कळत नाही.

"म्हणजे तुलाही माहीत नाही?" दातवालीने विचारलं.

"नाही."

"शप्पथ?"

"मी रीत समजावून सांगितली की."

"म्हणजे शप्पथ नाही," वकील म्हणाली.

चौघींनी उचलून उरलेली पाचवी जोडी मुंगीची. ती मी न बघता पाकिटात घातली आणि चिकटवली. तरी तिघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पाकीट माझ्या हातात वितळणार होतं. वर्षभर मला फोन येत राहिले. "तू ते पाकीट उजेडासमोर धरलं नाहीस ना?" आयुष्यभर सचोटीने पाणी तपासलेल्या बाईला हा प्रश्न! (धरलं होतं. काही दिसलं नाही. पाकीट चांगल्या प्रतीचं होतं.)

मला आलेला आकडा वकिलाचा होता.

पाकीट द्यायला मी दुसऱ्याच दिवशी मुंगीच्या दुकानात गेले. ती एका विजारीवर वाकली होती. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून 'ये' हा शब्दही तिने नाकातून काढला. मी रीत सांगितली. आकडे सांगितले. पन्नास ग्रॅम सांगितलं.

"यायला जमणार नाही गं," ती टाचण्या उशीत खोचत म्हणाली. "रविवारी गिऱ्हाईक असतं."

"कुठलं गिऱ्हाईक? पाटीवर 'रविवार बंद' लिहिलंय."

"म्हणून तर घरी येतं."

पण तिने पाकीट उघडलं. आत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि हसली. तोंड मिटून, अगदी थोडंसं. मला ते हसू आवडलं नाही. त्याला काहीतरी माहीत होतं.

"पन्नास ग्रॅमच्या आत काहीही?"

"काहीही."

"आणि तू तपासणार."

"फक्त वजन."

"फक्त वजन?"

"फक्त वजन."

"बघू," मुंगी म्हणाली आणि पुन्हा टाचण्या तोंडात घातल्या. म्हणजे आता निघ.

सगळं नीट चाललं होतं, तोवर सासूबाईंनी तोंड उघडलं. त्या टीव्ही बघत असतात तेव्हा ऐकत नाहीत असा माझा समज होता.

"पन्नास ग्रॅम सोनं म्हणजे चार तोळ्यांच्या वर होतं गं," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

मी हातातली पळी खाली ठेवली. दातवाली! तिच्याकडे तर दाताच्या टोप्यांसाठी सोनं येतं-जातं. स्वस्त ठेवायला म्हणून मी जी मर्यादा घातली होती, ती जगातल्या सगळ्या दागिन्यांना दार उघडून देत होती. मी तातडीने दुरुस्ती पाठवली: वस्तू विकत आणायची नाही. घरात आधीपासून असलेली, किंवा स्वतःच्या हाताने केलेली.

ग्रुपवर सगळ्यांनी वाचल्याची खूण उमटली. मग दातवाली: "हे माझ्यासाठी आहे का?" मग वकील: "नियम मागील तारखेपासून लागू होत नाही. मी वस्तू ठरवली आहे." मग भोंग्याचा आवाजी संदेश. तो ऐकून आमच्या खिडकीवरचं कबूतर उडालं. मुंगीने एकच अंगठा पाठवला. तो होकाराचा, टोमण्याचा की चुकून लागलेला, यावर मी आठवडाभर विचार केला.

आता जागा. कुणाच्या घरी जमलं की त्या घराची ऐट दिसते, आणि ऐट हेच तर कपबशांचं मूळ होतं. म्हणून मी आमच्या इमारतीचा छोटा हॉल ठरवला. रहिवाशांना तो फुकट मिळतो. फक्त सेक्रेटरींकडे अर्ज करावा लागतो. फुकट वस्तूला किती किंमत पडते, हे मला तिथे समजलं.

"कार्यक्रमाचा हेतू?" सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला.

"मैत्रिणींची भेट."

"भेट म्हणजे भेटणं, की भेट म्हणजे देणं?"

"दोन्ही."

"देणं आहे." त्यांनी लिहिलं. "कोण कुणाला देणार हे ठरलंय?"

"आकडे काढून ठरलंय."

पेन थांबलं. "आकडे काढून? म्हणजे सोडत. सोडतीला आपल्याकडे परवानगी नाही. मागे एकदा चौथ्या मजल्यावाल्यांनी मिक्सरची सोडत काढली होती. अजून भांडताहेत."

"बक्षीस नाहीये हो. पन्नास ग्रॅमची वस्तू आहे."

"पन्नास ग्रॅम?" ते माझ्याकडे टक लावून बघू लागले. "पावडर आहे का?"

मला आयुष्यात प्रथमच लेखी द्यावं लागलं की मी आणि माझ्या चार मैत्रिणी, वय वर्षं पंचेचाळीस, हॉलमध्ये पावडरीची देवाणघेवाण करणार नाही. खाली सही. सेक्रेटरींनी भिंतीवरच्या नियमांकडे बोट दाखवलं: मोठ्याने गाणी नाहीत, भिंतीला खिळे नाहीत, आग किंवा ज्योत पेटवायची नाही. "मी येऊन बघणार आहे," ते म्हणाले.

जिन्यात खालचे काका भेटले. त्यांचं टपालखात्यात आयुष्य गेलंय. त्यांनी सल्ला दिला की स्वयंपाकघरातल्या काट्यावर विश्वास ठेवू नकोस, सगळे काटे खोटं बोलतात. हे मात्र मला पटलं. प्रयोगशाळेतला काटा घरच्या कामाला वापरता येत नाही, म्हणून मी औषधाची पाच मिलिलिटरची पिचकारी घेतली, काट्यावर वाटी ठेवून शून्य केलं आणि दहा वेळा पाणी सोडलं. दहा पिचकाऱ्या म्हणजे पन्नास मिलिलिटर, म्हणजे पन्नास ग्रॅम. काटा म्हणाला, बावन्न. म्हणजे आमच्या काट्याच्या बावन्नला पन्नास समजायचं. मी तसं कागदावर लिहून काट्याला चिकटवलं. ह्यांनी ते वाचून विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं माझं जेवण कमी वाढलं जात होतं?"

रविवारी अकरा वाजता वकील आली, मग दातवाली, मग जिन्यातून आवाज आला म्हणजे भोंगा आली. साडेअकरा झाले. मी पाच खुर्च्या मांडल्या होत्या. पाचव्या खुर्चीकडे कुणी बघत नव्हतं, आणि सगळ्या तिकडेच बघत होत्या.

"सुरू करू या?" वकील म्हणाली.

"थांबू अजून," मी म्हटलं.

"मिली, ती नाही यायची."

"का नाही यायची?" मी तिघींकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत आहे. सांगा ना एकदाचं."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यात दार उघडलं आणि मुंगी आत आली, हातात कागदात गुंडाळलेली लहानशी पुडी. भोंगा इतक्या जोरात "आलीऽऽ!" म्हणाली की पहिला नियम तिथेच मोडला.

मी सुरुवात केली. माझी वस्तू: वसतिगृहातल्या आमच्या खोलीची किल्ली. काटा म्हणाला वीस. वाक्य: "तू दर वेळी तुझी हरवायचीस आणि मी दर वेळी ही माझी द्यायचे, शेवटी मी वसतिगृहाला परत द्यायचीच विसरले."

वकिलाने किल्ली हातात धरून उलटसुलट पाहिली. "ही संस्थेची मालमत्ता आहे. तू पंचवीस वर्षं अफरातफर करत होतीस." मग ती हळूच पर्समध्ये टाकली आणि चेन दोनदा तपासली.

वकिलाने दातवालीला एक बोटभर पेन्सिल दिली. "शरीरशास्त्राच्या परीक्षेला तू माझी पेन्सिल घेतलीस आणि ही परत दिलीस." दातवालीने पेन्सिल उजेडात धरली, चावल्याच्या खुणा पाहिल्या आणि गंभीरपणे म्हणाली, "माझेच. वरचे पुढचे. त्या वेळी थोडे पुढे होते."

दातवालीने भोंग्याला तिच्याच खालच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा आणला होता. मागे दाढ बसवली तेव्हाचा. काटा म्हणाला त्रेसष्ट.

"नियमबाह्य," वकील म्हणाली.

दातवालीने पर्समधून एक अणकुचीदार हत्यार काढलं (ती ते घेऊन फिरते, हे आम्हाला तेव्हा कळलं) आणि भोंग्याचा जबडा तळातून खरवडू लागली. पांढरी भुकटी टेबलावर साठत गेली. नेमकं त्याच वेळी सेक्रेटरींनी दारातून डोकं आत घातलं. त्यांनी भुकटी पाहिली. काटा पाहिला. मला पाहिलं.

"प्लॅस्टर आहे," मी म्हटलं.

"लेखी दिलंय तुम्ही," ते म्हणाले आणि दार अर्धवट उघडं ठेवून गेले.

जबडा बावन्नावर आला. वाक्य: "हा एकच जबडा, जो गप्प राहील." भोंग्याने तो छातीशी धरला.

भोंग्याने मुंगीला एक बटण दिलं. त्यात अजून दोरा होता. "पहिल्या नोकरीच्या मुलाखतीच्या सकाळी हे तुटलं आणि तू दोन मिनिटांत लावलंस, तो ब्लाउज कधीच विरला पण टाका नाही सुटला." काटा एकवरही जाईना. मुंगीने टाका नखाने ओढून पाहिला. भोंग्याचे डोळे भरले. सुदैवाने ती रडते मात्र आवाज न करता.

उरली मुंगी. उरले मी.

तिने पुडी काट्यावर ठेवली. एकतीस. मी कागद उघडला. आत एक पांढरा रुमाल होता, कडेला बारीक हातशिलाई. आणि रुमालावर काडेपेटी.

"वाक्य," मी म्हटलं.

"घे," मुंगी म्हणाली. "जाळून बघ."

आणि मग मला आठवलं. म्हणजे ते मी विसरले नव्हतेच. फक्त ते मी 'बोलणं' या सदरात कधी नोंदवलं नव्हतं. त्या दिवशी रुमाल हातात आल्यावर मी कडेचा एक दोरा ओढला होता, दातवालीच्या कपबशीत धरून काडी लावली होती, आणि दोरा जळायच्या ऐवजी आक्रसून त्याची काळी टणक गाठ झाली तेव्हा, सवयीने, म्हटलं होतं, "मिश्रण आहे. सुती नाही." मग मी चहा घेतला होता.

"दुकानदाराने शुद्ध सुती म्हणून अख्खा तागा दिला होता," मुंगी म्हणाली. एका वाक्याची अट मोडत होती, पण मी वकिलाकडे पाहिलं नाही. "मी त्याचेच शिवून लोकांना विकले होते. सुती म्हणून. तुमच्यासमोर कळलं मला. नंतर घरोघर जाऊन परत घेतले."

"तुम्ही मला का नाही सांगितलं?" मी तिघींना विचारलं.

"काय सांगणार?" दातवाली म्हणाली. "तू इतक्या तळमळीने गुन्हेगार शोधत होतीस."

"आणि तुझं म्हणणं बरोबरच होतं ना," भोंगा म्हणाली. "हीच तर पंचाईत."

मी रुमालाची घडी घातली. "मी नाही जाळणार."

"जाळ," मुंगी म्हणाली. "मी आले तेच त्यासाठी. चार वर्षं कापड घेताना मी स्वतः दोरा जाळून बघते, मिली. हल्ली व्यापारी मला घाबरतात. मला तुझ्याकडून ऐकायचंय."

मी कडेचा एक दोरा ओढला. भोंग्याने चहाची बशी पुढे केली. काडी ओढली. दोरा भपकन पेटला, कागद जळावा तसा वास आला, आणि बशीत मऊ, करड्या राखेची रेघ उरली. मी ती बोटाने चिरडली. गाठ नाही.

"शुद्ध सुती," मी म्हटलं. मग बशी मुंगीकडे सरकवली. "चुकलंच गं माझं. परीक्षा बरोबर होती, पण जागा चुकली."

"लेखी दे," मुंगी म्हणाली आणि आता ती तोंड उघडून हसली.

दार ढकलून सेक्रेटरी आत आले. त्यांनी नाक वर केलं.

"काहीतरी जळतंय."

आम्ही पाचही जणींनी एकमेकींशी नजरही न मिळवता सांगितलं, "नाही."

ते टेबलाभोवती एक फेरी मारून गेले. मुंगीने तोवर काडेपेटी माझ्याच मुठीत दाबून ठेवली होती. मग आम्ही नवी पाच कार्डं कापली. कापायला मुंगीला दिली, कारण तिची कात्री सरळ चालते. पुढच्या वर्षीचा माझा आकडा आला आहे. तो कुणाचा, हे मी सांगणार नाही. पण कार्डं सरकवताना मुंगी पुन्हा तशीच, तोंड मिटून हसली होती. मला संशय आहे.